बेअरिंगच्या रिंगवरच्या पन्हाळ्या

दीड वर्षात एकाच ब्लोअरच्या मोटरची तीन बेअरिंगं गेली. १५ किलोवॅटची साधी मोटर, ड्राइव्हवर चालणारी, दिवसरात्र एकाच वेगात. ग्रीस वेळेवर, अलाइनमेंट ठीक. तिसऱ्या वेळी मी बेअरिंग भंगारात टाकू दिलं नाही. ग्राइंडरने बाहेरची रिंग कापून रॉकेलने धुतली. छर्रे धावतात त्या वाटेवर कच्च्या रस्त्यावर पडतात तशा आडव्या लाटा होत्या, सारख्या अंतरावर. छर्ऱ्यांची चमक जाऊन ते राखाडी झाले होते आणि ग्रीस काळं पडलं होतं.

या खुणांना फ्लूटिंग म्हणतात. मोटर बंद असताना शेजारच्या यंत्राच्या हादऱ्यांनीही रिंगवर खुणा पडतात, पण त्या छर्ऱ्यांमधल्या अंतराइतक्या लांब लांब असतात. इथल्या लाटा दाट होत्या. म्हणजे रिंगमधून वीज गेली होती.

ती येते कुठून? थेट लाईनवर तिन्ही फेजांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते. ड्राइव्हमध्ये मात्र ४१५ व्होल्टची आधी सुमारे ५८५ व्होल्टची डीसी होते. मग प्रत्येक फेज सेकंदाला हजारो वेळा तिच्या या नाहीतर त्या टोकाला जोडली जाते. टोकं दोन आणि फेज तीन, त्यामुळे बेरीज शून्य होतच नाही. उरलेला दाब अर्थच्या तुलनेत २९० व्होल्टपर्यंत उसळतो. वाइंडिंग आणि रोटर यांच्यामधली हवेची फट कपॅसिटरसारखी वागते आणि त्यातला थोडा हिस्सा शाफ्टवर येतो. पाच टक्के धरले तरी १४-१५ व्होल्ट झाले. शाफ्ट आणि बॉडी यांच्यामध्ये असतो फक्त ग्रीसचा अतिपातळ थर. तो फुटला की ठिणगी पडते आणि पोलादाचा सुईच्या टोकाहून बारीक कण वितळतो. अशा असंख्य खड्ड्यांवरून छर्रे एकाच वेगाने उसळत राहिले की लाटा उमटतात.

आवाजाने फसगत होते. ड्राइव्हची शीळ निराळी; ड्राइव्ह बंद करताच ती तुटते. ब्रेक न लावता मोटर मोकळी थांबू द्यावी आणि कान द्यावा. आमची घरघर वेगाबरोबर हळूहळू उतरत गेली, म्हणजे ती बेअरिंगचीच होती.

नवीन बेअरिंगं बसवून आम्ही शाफ्टवर कार्बन फायबरची ग्राउंडिंग रिंग लावली. ती बसते तिथला रंग आणि गंज खरवडून काढला, नाहीतर ती नुसती शोभेची राहते. ड्राइव्हपासूनची केबल शील्डची घेतली आणि शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईत अर्थ केली. ऑसिलोस्कोपवर शाफ्टचे जे काटे आधी १४ व्होल्टपर्यंत जात होते, ते एका व्होल्टच्या आत आले.

मोठ्या मोटरींत, साधारण १०० किलोवॅटच्या वर, आणखी एक प्रवाह शाफ्ट, दोन्ही बेअरिंगं आणि बॉडी असा गोल फिरतो. तिथे एकटी रिंग पुरत नाही. लोडच्या उलट बाजूचं बेअरिंग इन्सुलेटेड घ्यावं लागतं आणि रिंग लोडच्या बाजूला लावावी लागते. आणि लाटा पडलेलं बेअरिंग तसंच ठेवून रिंग लावली तर वीज थांबते, पण घरघर वाढतच जाते.