दोन आकडे उलटे पडले, आता?

बिगरशेती भूखंड २५४ चौरस मीटरचा होता. खरेदीखताच्या मिळकतीच्या वर्णनात तो २४५ झाला. टायपिंगमध्ये शेवटचे दोन आकडे उलटले आणि सुमारे ९७ चौरस फूट कागदावरून गेले. अशा वेळी खरेदीदार बहुधा दुय्यम निबंधकांकडे अर्ज करतो, 'कृपया क्षेत्र दुरुस्त करून द्यावे.' तिथे नकार मिळतो. त्यात अधिकाऱ्याचा आडमुठेपणा नसतो. नोंदलेल्या दस्तात पक्षकारांनी लिहिलेला मजकूर बदलण्याचा अधिकारच त्याला नाही. कार्यालयाने सूची उतरवताना चूक केली असेल, तर ती कार्यालयीन दुरुस्ती. मूळ दस्तच चुकला असेल, तर नवा दस्त करावा लागतो: चूक दुरुस्ती पत्र.

म्हणून अर्जात मागणी असावी ती हे पत्र नोंदवून घेण्याची. पत्रात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि कार्यालय येते. कोणत्या परिच्छेदात काय छापले आहे आणि तिथे काय वाचावे, हे शब्दशः लिहितात. शिवाय किंमत, चतुःसीमा, ताबा आणि बाकीच्या अटी कायम आहेत, असे स्पष्ट म्हणावे लागते. मूळ दस्तावर ज्यांनी सह्या केल्या त्या विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पुन्हा हजर राहायचे. विकणारा वारला असेल तर त्याच्या सर्व वारसांनी.

ही निव्वळ लेखनचूक आहे, हे दाखवायचे कशाने? या उदाहरणात किंमतच साक्ष देते. दर चौरस मीटरला १०,००० रुपये ठरला होता आणि दस्तात रक्कम आहे २५,४०,००० रुपये, म्हणजे हिशेब २५४चाच. मंजूर रेखांकनातही त्या भूखंड क्रमांकापुढे २५४च आहे. मुद्रांक शुल्क या पूर्ण क्षेत्राच्या मूल्यावर भरलेले असल्याने फरकाचा प्रश्न उरत नाही; नाममात्र शुल्कात काम होते.

हाच आकडा २४५चा ४४५ करायचा असता, तर मात्र गोष्ट वेगळी. वाढीव जागा मूळ व्यवहारात नव्हतीच, मग तो नवा विक्री व्यवहार ठरतो आणि त्यावर पूर्ण शुल्क लागते. दुरुस्तीच्या नावाखाली जमीन वाढवण्याचे प्रयत्न होतात, म्हणून कार्यालये क्षेत्राच्या दुरुस्तीकडे जरा जास्तच डोळे वटारून पाहतात.

विकणारा सही द्यायला तयार नसेल, तर दिवाणी न्यायालय. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ नुसार, दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय तो दुरुस्त करू शकते. मधल्या काळात कोणी प्रामाणिकपणे पैसे मोजून त्या मिळकतीत हक्क घेतला असेल, तर त्याला धक्का लागत नाही. भूखंडावर कर्ज असेल तर बँकेलाही आधीच कळवावे. मूळ खरेदीखत तिच्याच ताब्यात असते.

दुरुस्ती पत्र नोंदले तरी सातबारा किंवा मिळकत पत्रिका आपोआप बदलेलच असे धरून चालू नये. मूळ खरेदीखत, दुरुस्ती पत्र आणि दोन्हींची सूची क्रमांक दोन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात दाखवून फेरफार मंजूर झाला का, हे पाहावे लागते.