‘पेंडिंग शून्य’ म्हणजे नेमके काय?



गेल्या हिवाळ्यात जव्हार भागातील एका पाड्यावर आम्ही घरोघरी जाऊन पाच वर्षांखालील मुलांची पाहणी केली. कागदाऐवजी मोबाईलवर फॉर्म भरायचे होते. त्यासाठी कोबोकलेक्ट हे अ‍ॅप होते. अनेक संस्था पाहणीसाठी तेच वापरतात. पाड्यावर मुले असलेली ४६ घरे होती. काम करणाऱ्या ताई त्याच गावच्या, मेहनती आणि सचोटीच्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला मोबाईलच्या पडद्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “दादा, सगळे गेले. पेंडिंग शून्य.”

मी तसेच वहीत लिहिले आणि पुढच्या कामाला लागलो. अकरा दिवसांनी कार्यालयात बसून संगणकावर आलेले फॉर्म मोजले, तर ते ३७ होते. मी ताईंना फोन केला. त्या दुखावल्या. “दादा, मी खोटे नाही बोलले. फोनच शून्य दाखवतो, तुम्ही बघा ना.” त्यांनी पुन्हा फोटो पाठवला. खरेच शून्य होते.

ताई खोटे बोलत नव्हत्या आणि फोनही नाही. चूक माझीच होती. फोनने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि मी ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले होते. संगणकाचे फारसे न कळणाऱ्या प्रत्येकाला हे समजावे म्हणून साध्या शब्दांत लिहितो.

तीन खण

या अ‍ॅपमध्ये भरलेले फॉर्म तीन खणांत असतात. कार्यालयातल्या टेबलाचे खण डोळ्यांसमोर आणा. पहिला खण अर्धवट कागदांचा. पडद्यावर त्याचे नाव Drafts. दुसरा पूर्ण करून पाकिटात घातलेल्या, पण अजून टपालात न पडलेल्या कागदांचा. त्याचे नाव Ready to send. तिसरा पोहोचलेल्या कागदांचा, म्हणजे Sent. जुन्या फोनवर ही नावे थोडी वेगळी दिसतात, पण खण तेच. प्रत्येक नावासमोर त्या खणात किती फॉर्म आहेत तो आकडा असतो.

ताईंनी मला ज्या शून्याचा फोटो पाठवला तो दुसऱ्या खणाचा होता. फोटोत पडद्याचा तेवढाच भाग होता. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की या फोनमध्ये पूर्ण झालेला पण न पाठवलेला एकही फॉर्म नाही. पहिल्या खणात किती अर्धवट पडले आहेत, हे तो सांगत नाही. ज्या घरी कोणी गेलेच नाही, त्या घरांची तर फोनला कल्पनाच नसते. फोनकडे ४६ घरांची यादी नव्हती. ती माझ्या वहीत होती.

यातला तिसरा खण मात्र विश्वासाचा आहे. फॉर्म पोहोचल्याची पावती सर्व्हरकडून आल्यावरच अ‍ॅप तो Sent मध्ये टाकते, रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखे. पाठवताना मध्येच रेंज गेली तर फॉर्म दुसऱ्या खणात थांबतो. तेव्हा घाबरून तेच घर नव्याने भरू नये. रेंजमध्ये आल्यावर तोच फॉर्म पुन्हा पाठवावा. प्रत्येक फॉर्मला अ‍ॅपने एक वेगळा लांबलचक क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे तोच फॉर्म दोनदा गेला तरी सर्व्हर त्याला ओळखतो. नव्याने भरलेल्या फॉर्मला मात्र नवा क्रमांक मिळतो आणि एका घराची दोन घरे होतात.

नऊ घरे कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. ताईंच्या ओट्यावर बसून आम्ही वहीतली यादी आणि फोन शेजारी शेजारी ठेवले व घर क्रमांकावरून एकेक घर शोधले.

तीन घरांचा फॉर्म सुरूच झाला नव्हता. ती कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेली होती आणि दाराला कुलूप होते. ताईंच्या दृष्टीने घर बंद, म्हणजे काम नाही. फोनच्या दृष्टीने तर ते घरच नाही.

एक घर दुसऱ्याच फोनमध्ये निघाले. त्या दिवशी ताईंच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून त्यांनी सोबतच्या मुलीच्या फोनवर फॉर्म भरला. तिथे तो Ready to send मध्ये थांबला होता, कारण तिच्या फोनमधला डेटा संपला होता. ताईंचा फोन या घराबद्दल काही सांगूच शकत नव्हता. प्रत्येक फोन फक्त स्वतःच्या पोटातले मोजतो.

उरलेली पाच घरे Drafts मध्ये होती. एक फॉर्म पूर्ण भरलेला होता, पण शेवटी Finalize दाबण्याऐवजी Save as draft दाबले गेले होते. एका घरचे मूल आजीकडे गेल्याने दंडाचे माप राहिले होते. एका ठिकाणी लसीकरण कार्डाचा फोटो सक्तीचा होता आणि कार्ड पावसात भिजून गेले होते. शेवटची दोन घरे जन्मतारखेवर अडली होती. आई म्हणाली, “भाताची लावणी चालू होती तेव्हा झाला.” फॉर्मला मात्र दिवस, महिना, वर्ष हवे होते. त्याशिवाय तो पुढे जात नव्हता. तारीख मनाने टाकायची नाही, असे मीच प्रशिक्षणात बजावले होते. ताईंनी ते पाळले, दंडाचे माप फॉर्मच्या शेवटी असलेल्या टीपेच्या रकान्यात लिहिले आणि फॉर्म अर्धवट ठेवला.

त्या दोनांपैकी एका फॉर्मच्या टीपेत दंडघेर ११.२ सेंटीमीटर लिहिला होता.

ज्यांना हे माप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. तो साडेबारा सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर पट्टीवर हिरवा रंग येतो. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण, आणि अशा मुलाला लगेच तपासणीला न्यावे लागते. हे मूल लाल होते. पट्टीने ते सांगितले होते, ताईंनी लिहिले होते आणि आईला अंगणवाडीत जायलाही सांगितले होते. पण ती गेली नव्हती. फॉर्म आला असता तर आम्ही दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात असतो. अकरा दिवस तो माप लिहिलेला फॉर्म पहिल्या खणात पडून होता आणि माझ्या वहीत ‘पेंडिंग शून्य’ होते.

त्याच दुपारी अंगणवाडी सेविका आणि ताई त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आई मुलाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात गेली. मूल आज बरे आहे.

अवघड घरेच का अडकतात?

या प्रसंगातून मला एक गोष्ट उशिरा कळली. जे फॉर्म अडकतात ते कुठलेही नसतात. ज्या घरी कार्ड जपून ठेवलेले आहे, तारीख पाठ आहे, आई घरी आहे, तिथला फॉर्म सरळ शेवटपर्यंत जातो आणि लगेच पोहोचतो. ज्या घरी कार्ड नाही, बाळंतपण घरीच झाले, माणसे भट्टीवर गेली, तिथेच फॉर्म अडतो किंवा सुरूच होत नाही. म्हणजे आपल्याला ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे आहे, नेमकी तीच घरे शून्याच्या आड जातात. ३७ फॉर्म पाहून मी पाड्याची स्थिती ठरवली असती, तर ती खऱ्यापेक्षा बरी दिसली असती.

आम्ही फॉर्म बदलला. आता ‘जन्मतारीख माहीत आहे का’ असा प्रश्न आधी येतो. ‘नाही’ म्हटले तर अंदाजे महिना आणि वर्ष विचारले जाते, त्यासाठी सण आणि शेतीच्या कामांची यादी ताईंजवळ असते. कार्ड नसेल तर फोटोऐवजी ‘कार्ड नाही’ असे निवडता येते. बंद घराचाही फॉर्म भरायचा, त्यात फक्त ‘घर बंद’ आणि शेजाऱ्याने सांगितलेले कारण. दंडाचे माप आता फॉर्मच्या सुरुवातीलाच येते, आणि लाल आले तर फॉर्मची वाट न पाहता फोन करायचा.

आता आम्ही काय विचारतो

‘पेंडिंग किती?’ हा प्रश्न आम्ही बंद केला आहे. त्याऐवजी रोज संध्याकाळी प्रत्येक फोनमागे चार आकडे येतात: Sent किती, Ready to send किती, Drafts किती, आणि यादीतली न सुरू झालेली घरे किती. या चारांची बेरीज त्या फोनला दिलेल्या घरांइतकी यायला हवी. Drafts मधल्या प्रत्येक घरापुढे अडण्याचे कारण एका शब्दात लिहायचे. त्या दिवशी हे केले असते तर ३७, १, ५ आणि ३ असे आकडे आले असते, बेरीज ४६, आणि त्या पाचांबद्दल मी त्याच रात्री विचारले असते.

आठवड्यातून एकदा मी स्वतः संगणकावर आलेले फॉर्म घर क्रमांकाने यादीशी ताडून पाहतो. नुसती बेरीज पुरत नाही, कारण एक घर दोनदा भरले गेले आणि दुसरे राहिले, तरी बेरीज जुळते.

आणखी एक सावधगिरी. तिन्ही खणांत एकदम शून्य दिसले तर आनंद मानू नका. बहुधा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलेले असते, किंवा फोनमध्ये दुसऱ्याच पाहणीचा प्रकल्प उघडलेला असतो. प्रकल्प बदलला असेल तर फॉर्म जागेवरच असतात, पुन्हा मूळ प्रकल्प निवडला की दिसतात. पण अ‍ॅप काढून टाकले असेल तर न पाठवलेले फॉर्म त्याच्याबरोबर जातात. म्हणून फोन दुरुस्तीला देण्याआधी पहिले दोन खण रिकामे करावेत.

यापुढे या पत्रिकेतल्या कामाच्या तक्त्यात ‘पेंडिंग’ हा रकाना तुम्हाला दिसणार नाही. त्याजागी वरचे चार आकडे असतील, आणि बहुतेक वेळा त्यातले शेवटचे दोन शून्य नसतील. ते पाहून काम मागे पडले असे समजू नका. कोणत्या घरी पुन्हा जायचे आहे, हे आम्हाला आता माहीत आहे, असा त्याचा अर्थ घ्या.