सैतान फसवत नाही कशावरून?

रने देकार्त हिवाळ्यात शेकोटीजवळ बसला आहे. अंगात घरातला झगा, हातात कागद. यात शंका घेण्यासारखं काय आहे? पण 1641 साली आलेल्या ‘मेडिटेशन्स’मध्ये तो पुढे विचारतो: एखादा महाबलाढ्य, कपटी सैतान हे सगळे भास माझ्या मनात उमटवत असेल तर? मग शेकोटीही नाही आणि हातही नाहीत. तरी आतून अनुभव अगदी हाच असेल.

संशयवादी असा सैतान आहे असं म्हणतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच की तो नाही हे तुम्हाला माहीत नाही. हात असल्याचं खरोखर माहीत असतं, तर हातांचा नुसता भास होत नाही हेही माहीत असायला हवं होतं. ते माहीत नाही, म्हणून हातांचंही ज्ञान नाही. ही साखळी तोडणं दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

संदर्भवादी ‘माहीत असणं’ याच शब्दांकडे बोट दाखवतात. कीथ डिरोझ यांनी 1992 साली दिलेलं उदाहरण पाहा. शुक्रवारी बँकेत लांब रांग आहे. नवरा बायकोला म्हणतो, ‘उद्या शनिवारी येऊ. बँक उघडी असते, मला माहीत आहे, दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मी आलो होतो.’ एवढं पुरतं. पण सोमवारच्या आत पैसे भरले नाहीत तर मोठ्या रकमेचा चेक वटणार नाही अशी स्थिती असेल, आणि बायकोने विचारलं, ‘वेळ बदलली असेल तर?’, तर तोच नवरा म्हणेल, ‘नक्की माहीत नाही, आत विचारून येतो.’ पुरावा तोच, पण कसोटी कडक झाली. संशयवादी सैतानाचं नाव काढून ती टोकाला नेतो. त्याच्यासमोर आपण हरतो; रोजच्या व्यवहारात मात्र आपल्याला हात असल्याचं ज्ञान असतंच.

मला ही तडजोड अपुरी वाटते. सैतानाचा विषय निघाला की ज्ञान गेलं, हे मान्य केल्यावर संशयवाद्याला आणखी काय हवं?

बाह्यवादी वेगळ्या वाटेने जातात. ऑल्विन गोल्डमन यांच्या मते समजूत विश्वासार्ह प्रक्रियेतून आली की झालं. ती प्रक्रिया विश्वासार्ह आहे हे आपल्याला सिद्ध करता यायलाच हवं असं नाही. जग खरं असेल आणि डोळे ठीक असतील, तर देकार्तला शेकोटीचं ज्ञान आहे, सैतानाबद्दल तो गप्प बसला तरीही.

यावर स्ट्युअर्ट कोहेन आणि कीथ लेहरर यांनी 1980च्या दशकात नेमका आक्षेप घेतला. सैतानाच्या तावडीतली एक व्यक्ती आपल्याइतक्याच काळजीने पाहते, पारखते, पण तिची प्रक्रिया विश्वासार्ह नाही. म्हणून तिला अविचारी ठरवायचं का? तसं ठरवणं अन्यायाचं आहे. तिला ज्ञान नाही हे बाह्यवाद सांगू शकतो. तिचं वागणं समंजस का, हे नाही.

तरीही मी बाह्यवादाच्या बाजूने आहे. आपण कोणत्या जगात आहोत याची हमी तो देत नाही, पण हमीवाचून ज्ञान नाही, ही संशयवाद्याची मूळ अटच तो नाकारतो.