संगणकीय वाक्यांतील रिक्त स्थाने व मराठी सामान्यरूप

संगणकाच्या पडद्यावरील वाक्ये बहुधा अपुरी असतात. फाइलीचे नाव आधी ठाऊक नसल्यामुळे त्याच्या जागी `%s` अशी खूण ठेवलेली असते आणि कार्यक्रम चालू असताना तेथे प्रत्यक्ष नाव बसते. गेटटेक्स्ट पद्धतीत मूळ वाक्य `msgid` मध्ये व अनुवाद `msgstr` मध्ये लिहितात.

`%s is newer than %s` हे वाक्य घ्यावे. याचा ‘%s पेक्षा %s नवी आहे’ हा अनुवाद वाचण्यास सरळ असला, तरी त्यात दोष आहेत. इंग्रजीत नवी फाइल आधी येते, मराठीत ‘पेक्षा’मुळे जुनी आधी येते, खुणा मात्र मूळ क्रमानेच भरल्या जातात. त्यामुळे ‘अहवाल’ ही फाइल ‘आराखडा’हून नवी असता पडद्यावर नेमके उलटे विधान उमटते आणि त्यावर विसंबणारा मनुष्य नवीच फाइल पुसून टाकतो. `msgfmt -c` ही आज्ञा खुणांची संख्या व प्रकार तपासते. येथे दोन्ही खुणा एकाच प्रकारच्या असल्याने ती मौन राहते.

दुसरा दोष व्याकरणाचा होय. ‘आराखडा’चे सामान्यरूप ‘आराखड्या’ असे होते. पण खुणांचा क्रम सुधारला तरी कार्यक्रम नाव आहे तसेच ठेवतो व ‘आराखडा पेक्षा’ असे अशुद्ध रूप सिद्ध होते. शिवाय ‘अहवाल’ पुल्लिंगी असल्याने ‘नवी’ हे विशेषणही जुळत नाही. या सर्वांचा परिहार पुढीलप्रमाणे होतो:

```
msgid "%s is newer than %s"
msgstr "%2$s या फाइलपेक्षा %1$s ही फाइल नवी आहे"
```

खुणेतील अंक मूळ क्रम सांगतात. ‘फाइल’ हे नाम प्रत्ययाचा व लिंगाचा भार स्वतःवर घेते. फाइलीचे नाव अविकृत राहते. खुणेतील अंक मात्र देवनागरीत लिहू नयेत. `%२$s` ही खूण कार्यक्रमास कळत नाही.

अशा वाक्याखालील बटणास जागा थोडी असते. `Edit` करिता ‘संपादन करा’ लिहिल्यास शब्द कापला जातो. ‘बदला’ हे साधे क्रियापद मावते. परंतु ‘रद्द करा’मधील ‘करा’ गाळणे इष्ट नव्हे, कारण नुसते ‘रद्द’ आज्ञा न राहता झालेल्या गोष्टीचे वर्णन ठरते. रुंदी अक्षरे मोजून कळत नाही. जोडाक्षरे व मात्रा यांमुळे ती प्रत्यक्ष पडद्यावरच पाहावी लागते. त्याच वेळी एक जुनी व एक नवी फाइल देऊन वाक्य खरे ठरते की नाही हेही पाहावे. यंत्राच्या तपासणीतून निसटणारी चूक तेथेच उघडकीस येते.