रतिबाचा हिशेब

ज्या घरी दुधाचा रतीब असतो, त्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही तारखांवर फुली मारलेली आढळते. ज्या दिवशी दूध घेतले नाही, तो दिवस म्हणजे ‘खाडा’. आणि ही फुली म्हणजे त्या खाड्याची नोंद. महिना संपला की गवळीदादा आपल्या वहीवरून हिशेब करतात आणि देण्याचा आकडा कळवितात. पूर्वी हा आकडा तोंडी सांगत किंवा चिठ्ठीवर लिहून देत. आता तो बहुधा मोबाईलवरील संदेशाने येतो. हा संदेश कसा लिहिला असता ज्याला तो मिळाला त्याला हिशेब पडताळून पाहता येईल, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

अशी कल्पना करा, की एका गवळीदादांनी एका घरी पुढील संदेश धाडला :

‘ऑगस्टचे दूध २८ दिवस. बिल ३२०३ रु. लवकर पाठवा.’

त्या घरी रोज दीड लिटर म्हशीचे दूध येते. दुधाचा भाव महिन्याच्या मध्यावर लिटरमागे ७२ रुपयांवरून ७४ रुपये झाला, हे घरच्या काकूंना ठाऊक आहे. त्या हिशेब करावयास बसतात. २८ दिवस दीड लिटरप्रमाणे ४२ लिटर दूध झाले. सगळे दूध नव्या भावाने धरले तरी ३१०८ रुपयेच होतात. मग वरचे ९५ रुपये कोठून आले? काकूंच्या मनात शंका येते. वस्तुतः गवळीदादांच्या हिशेबात एका पैचीही चूक नाही. गणेशचतुर्थीच्या दिवशी एक लिटर दूध जादा घेतले होते आणि जुलैचे ६० रुपये देणे राहिले होते. परंतु या दोन्ही गोष्टी गवळीदादांच्या वहीतच राहिल्या. संदेशात आल्या नाहीत. हिशेब खरा असूनही तो खरा आहे हे संदेशावरून दिसत नाही, आणि वर्षानुवर्षे दूध घालणाऱ्या माणसाविषयी विनाकारण किंतु निर्माण होतो.

आता गवळीदादांच्या सातवीत शिकणाऱ्या मुलीने वही पुढे घेऊन तोच संदेश पुन्हा लिहिला, असे समजू. तो असा होईल :

नमस्कार काकू.
ऑगस्ट २०२५ चा दुधाचा हिशेब
रतीब : रोज दीड लिटर, म्हशीचे दूध
खाडे : ५ ऑगस्ट, ६ ऑगस्ट, २० ऑगस्ट (एकूण ३)
दूध घातले : ३१ पैकी २८ दिवस
१ ते १५ ऑगस्ट : १३ दिवस, १९.५ लिटर, दर ७२ रु. – १४०४ रु.
१६ ते ३१ ऑगस्ट : १५ दिवस, २२.५ लिटर, दर ७४ रु. – १६६५ रु.
जादा : २७ ऑगस्ट, १ लिटर, दर ७४ रु. – ७४ रु.
ऑगस्टची बेरीज : ३१४३ रु.
जुलैची बाकी : ६० रु.
एकूण देणे : ३२०३ रु.
कृपया आपल्या नोंदीशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास तारीख कळवावी.

शेवटचा आकडा तोच आहे. परंतु आता त्याच्याकडे जाणारी वाट दिसते. काकू प्रथम दिवस पाहतील. १५ दिवसांतून दोन खाडे वजा केले की १३ उरतात. पुढच्या १६ दिवसांतून एक वजा केला की १५. दोन्ही मिळून २८. नंतर त्या लिटर आणि दर पाहतील. ७२ ला २० ने गुणले तर १४४० होतात. त्यातून अर्ध्या लिटरचे ३६ वजा केले की १४०४. हे गणित तोंडीही करता येते. सर्वांत शेवटी बेरीज. चूक असलीच, तर ती कोणत्या ओळीत आहे हे तत्काळ कळेल.

या संदेशात खाड्यांची नुसती संख्या न देता तारखा दिल्या आहेत, हे ध्यानात घ्या. समजा, काकूंच्या दिनदर्शिकेत १२ तारखेवरही फुली आहे. संदेशात केवळ ‘३ खाडे’ असते, तर ‘तीन’ की ‘चार’ यावरच वाद होत राहिला असता. तारखा असल्यामुळे प्रश्न एका दिवसापुरता उरतो : १२ ऑगस्टला दूध आले होते की नाही? खाडा मान्य झाला, तर किती रक्कम वजा करावयाची हेही निश्चित आहे. तो दिवस जुन्या भावाचा असल्याने दीड लिटरचे १०८ रुपये कमी होतील; १६ तारखेनंतरचा असता, तर १११ रुपये कमी झाले असते.

फरकाच्या आकड्यावरूनही पुष्कळदा चुकीचे कारण ओळखता येते. समजा, बिल बरोबर ३९ रुपयांनी अधिक आले. पहिल्या पंधरवड्यात १९.५ लिटर दूध आले आणि भाववाढ दोन रुपयांची होती. त्यांचा गुणाकार ३९ होतो. म्हणजे नवा भाव चुकून महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लावला गेला, असे समजावे.

भाषेच्या दृष्टीनेही येथे काही दक्षता घ्यावी लागते. ‘खाडे ५/६’ असे लिहिले, तर कोणी त्याचा अर्थ पाच आणि सहा तारीख असा घेईल, तर कोणी पाच जून असा. म्हणून महिन्याचे नाव लिहावे. ‘१५ पासून नवा भाव’ हे वाक्यही पुरेसे स्पष्ट नाही. पंधरा तारखेचे दूध जुन्या भावाचे की नव्या, असा प्रश्न पडतो. ‘१ ते १५’ आणि ‘१६ ते ३१’ असे लिहिले, की प्रत्येक दिवस कोठे धरला हे उघड होते. मागील बाकी चालू महिन्याच्या बेरजेत मिसळू नये. ती मिसळली, तर दिवस, लिटर आणि दर बरोबर असूनही गुणाकार कधीच जुळणार नाही. ‘लवकर पाठवा’ या शब्दांत तगादा आहे. ‘ताडून पाहावे’ या शब्दांत आपला हिशेब उघडा ठेवण्याची तयारी आहे.

तथापि उत्तम संदेशालाही एक मर्यादा आहे. जी नोंद मुळात झालीच नाही, ती संदेश कोठून आणणार? खाड्याची फुली महिनाअखेरीस आठवून मारली, तर ती दोन्ही बाजूंना भरवशाची वाटत नाही. म्हणून काकूंनी दिनदर्शिकेवर आणि गवळीदादांनी वहीत त्याच दिवशी खूण केली पाहिजे. अशा दोन स्वतंत्र नोंदी असल्या, म्हणजे संदेशातील प्रत्येक तारीख त्यांच्याशी लावून पाहता येते. आणि गवळ्याला त्याच्या कष्टाचा पुरा पैसा मिळतो, तर घरच्यांना न घेतलेल्या दुधाचे दाम द्यावे लागत नाही.