युरेनस आणि नेपच्यून : निळाईमागचे कारण

सूर्यमालेच्या कडेला असलेले युरेनस आणि नेपच्यून हे दोन ग्रह आकाराने मोठे आहेत. दोघांचाही व्यास पृथ्वीच्या सुमारे चौपट आहे. मराठीत त्यांना प्रजापती आणि वरुण अशीही नावे आहेत. युरेनसचा शोध १७८१ मध्ये विल्यम हर्षल यांनी लावला, म्हणून त्याला हर्षल असेही म्हणतात. गुरू आणि शनीप्रमाणे यांनाही पाय ठेवण्याजोगा पृष्ठभाग नाही. त्यामुळे पूर्वी या चौघांनाही वायुरूप महाग्रह म्हणत. आता मात्र शेवटच्या दोघांचा वेगळा वर्ग मानला जातो : बर्फाळ महाग्रह.

हे वेगळेपण घनतेतून उघड होते. गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या सर्वांत हलक्या वायूंचे बनले आहेत. म्हणूनच शनीची घनता पाण्याहूनही कमी, ०.६९ इतकी आहे. नेपच्यूनचे वस्तुमान शनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तोही हलक्या वायूंचाच असता, तर इतक्या कमी गुरुत्वाकर्षणाने तो फारसा दाबला गेला नसता आणि विरळच राहिला असता. प्रत्यक्षात त्याची घनता १.६४, म्हणजे शनीच्या दुपटीहून अधिक आहे. याचा अर्थ त्याच्या पोटात काहीतरी जड द्रव्य भरलेले आहे. प्रचलित समजुतीनुसार ते प्रामुख्याने पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचे मिश्रण असून त्यात खडकाचाही वाटा आहे. हायड्रोजन आणि हेलियम यांचे आवरण वस्तुमानाच्या जेमतेम दहा ते वीस टक्के असावे.

‘बर्फाळ’ या शब्दाने मात्र गैरसमज होण्याची शक्यता आहे. सूर्यापासून दूरच्या थंड प्रदेशात जी द्रव्ये गोठतात, त्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट ‘बर्फ’ म्हणतात. ग्रह घडताना ती गोठलेली होती. आज ग्रहाच्या आत ती हजारो अंश तापमानाला, प्रचंड दाबाखाली, दाट आणि तप्त प्रवाही रूपात आहेत.

निळ्या रंगाचे कारण मात्र या गाभ्यात नाही, ते वरच्या वातावरणात आहे. तिथे हायड्रोजन आणि हेलियमबरोबर सुमारे दोन टक्के मिथेन आहे. हा वायू तांबडा प्रकाश शोषतो. सूर्यकिरण वातावरणात शिरतो, खालच्या ढगांवरून किंवा धुरक्यावरून परावर्तित होतो आणि त्याच मिथेनमधून पुन्हा बाहेर येतो. या दुहेरी प्रवासात त्यातला तांबडा भाग गळून जातो आणि उरतो तो हिरवट निळा प्रकाश. वायूंच्या रेणूंवरून निळा प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने या रंगात आणखी भर पडते.

मिथेन तर गुरूवरही आहे. मग गुरू निळा का नाही? एक तर तिथे मिथेनचे प्रमाण बरेच कमी आहे. शिवाय गुरूवर अमोनियाचे उजळ ढग वातावरणात उंचावर असतात. प्रकाश पुरेशा मिथेनमधून जाण्याआधीच त्यांच्यावरून परततो आणि तांबडा रंग टिकून राहतो. युरेनस आणि नेपच्यूनवर वरच्या थरांत उणे दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास थंडी असते. त्यामुळे अमोनिया खूप खोलवरच गोठतो, आणि वरचे वातावरण पुष्कळ खोलीपर्यंत निरभ्र राहते.

दोघांच्या निळाईत थोडा फरक आहे. त्याचे एक स्पष्टीकरण ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक अर्विन आणि सहकारी यांनी २०२२ मध्ये मांडले. दोन्ही ग्रहांवर धुरक्याचा एक थर आहे. नेपच्यूनचे वातावरण अधिक खळबळते. तिथे धुरक्याच्या कणांवर मिथेन गोठून तो हिमासारखा खाली पडतो आणि थर विरळ होतो. युरेनसचे वातावरण संथ असल्याने त्याचा थर अधिक जाड राहतो आणि त्या पांढुरक्या झाकेने ग्रह फिकट दिसतो.

हा फरक छायाचित्रांत दिसतो तेवढा मोठा नाही. या दोन्ही ग्रहांजवळून आजवर ‘व्हॉयेजर २’ हे एकच यान गेले आहे : १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून. नेपच्यूनचे ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून त्याच्या चित्रांतील रंग मुद्दाम गडद केले गेले होते. पुढे ही सूचना मागे पडली आणि गर्द निळा नेपच्यून पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. २०२४ मध्ये याच गटाने हबल दुर्बीण आणि चिलीमधील दुर्बिणीच्या नोंदी वापरून रंगांची फेरमांडणी केली, तेव्हा दोन्ही ग्रह जवळजवळ सारख्याच हिरवट निळ्या रंगाचे आढळले. नेपच्यूनची निळाई किंचितच अधिक आहे.