टाच दुखते? घरातली चप्पल निवडताना

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. चार पावलं चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ उभं राहिलं की पुन्हा येते. टाचदुखीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो आणि धनुष्याच्या दोरीसारखा पावलाची कमान ताणून धरतो. ही दोरी टाचेच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे सततच्या ताणाने इजा होते. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. फरशीवर अनवाणी उभं राहिलं की टाचेला खालून काहीच आधार नसतो, म्हणून हे दुखणं असणाऱ्यांना घरातही चप्पल घालायला सांगतात.

दुकानात गेल्यावर हात आपोआप सर्वांत मऊ चपलेकडे जातो, आणि तिथेच चूक होते. घरात घालायच्या बहुतेक हलक्या चपला आणि क्लॉग ईव्हीए नावाच्या फोमचे असतात. ‘रबरी’ म्हणून विकले जाणारे क्लॉगही बहुधा याच फोमचे. फोममध्ये हवेचे बारीक बंद कप्पे असतात. फोम फार मऊ असेल तर वजनाखाली हे कप्पे पूर्ण दबतात आणि टाच जवळजवळ फरशीलाच टेकते. म्हणून टाचेच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहावं. अंगठा थोडा रुतावा, पण खालचा कडक तळ लागू नये, आणि बोट काढताच खळगा भरून यावा.

मग चप्पल दोन्ही टोकांना धरून वाकवावी. ती चवड्याशी, म्हणजे बोटं जिथे मुडपतात तिथे, वाकली पाहिजे. मध्येच दुमडली तर कमानीखालचा उंचवटा दिसायला कितीही छान असला, तरी वजन पडताच तो खाली बसणार. पिळा काढलेल्या फडक्यासारखी सहज पिरगळली जाणारी चप्पलही बाजूला ठेवावी. टाच चवड्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असेल तर पोटरीचा आणि पर्यायाने तळव्याचा ताण हलका होतो; अगदी सपाट तळ या दुखण्यात नको.

उंचवट्याची जागा पायात घालूनच कळते. तो पावलाच्या आतल्या बाजूला, टाचेच्या पुढे लागावा. चवड्याखाली येत असेल तर माप चुकलंय. सपाट पाऊल असणाऱ्याला उंच उंचवटा खड्यासारखा बोचतो, त्याला बेताचाच हवा. ‘ऑर्थो’ किंवा ‘डॉक्टर’ या छापील शब्दांवरून यातलं काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात रोज सकाळी दोन तास उभं राहणाऱ्या एका बाईंसमोर दोन जोड आहेत. पहिली अंगठ्याच्या पट्ट्याची स्लिपर: फोम घट्ट, उंचवटा चांगला, पण पट्टा सैल. चालताना ती निसटू नये म्हणून बोटं दर पावलाला आवळली जातात आणि दुखऱ्या पट्ट्यावर नको तो भार येतो. दुसरा क्लॉग: टाच बसेल असा खोलगट खळगा, मागे पट्टी. तो घालून ओट्यापाशी उभं राहिल्यावर बोटं मोकळी राहतात, म्हणून या घरासाठी क्लॉगच बरा. मात्र मागची पट्टी पुढे सरकवून न ठेवता टाचेवर घालायची, नाहीतर क्लॉगसुद्धा बोटांनीच धरावा लागतो. स्लिपरच हवी असेल तर रुंद पट्ट्याची, पावलाला नीट धरणारी घ्यावी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल टाळलेली बरी. तिथे जखम झाली तरी कळत नाही.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. दोन्ही पायांत घालून दुकानाच्या उघड्या फरशीवर पाच-दहा मिनिटं उभं राहावं. गालिच्यावर सगळ्याच चपला बऱ्या वाटतात. तळ उलटा करून खाचाही पाहाव्यात, गुळगुळीत फोम ओल्या फरशीवर घसरतो.

फोम हळूहळू बसत जातो आणि वरून ते लवकर दिसत नाही. चप्पल टेबलावर ठेवून मागून पाहिली की टाच एका बाजूला कललेली दिसते, किंवा टाचेचा खळगा रात्रभरातही भरून येत नाही. मग ती बदलायची, पट्टे नवेकोरे असले तरी. धुतलेला जोड सावलीत वाळवावा. कडक उन्हात हा फोम आकसतो आणि माप लहान होतं.

चप्पल ताण कमी करते, पण पोटरीच्या आणि तळव्याच्या ताणाच्या व्यायामांची जागा घेत नाही. सवय नसल्यास नवा उंचवटा सुरुवातीचे काही दिवस तास-दोन तासच वापरावा. टाच सुजली, मुंग्या येऊ लागल्या, रात्री झोपेतही दुखू लागलं किंवा काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर आणखी एक जोड घेण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावं.